बाटलीवरचे ग्रॅम आणि घरातले चमचे

कोल्ड्रिंकच्या ६०० मिलिलिटरच्या बाटलीवर, लेबल वळून जिथे संपते त्या कडेला, बारीक अक्षरांची एक चौकट असते. बॅच नंबर, कंपनीचा पत्ता आणि बारकोड यांच्या गर्दीत ती दबलेली असते. एखाद्या नेहमीच्या कोलाच्या चौकटीत साधारण असे आकडे वाचायला मिळतात: ऊर्जा ४२ किलोकॅलरी, कर्बोदके १०.६ ग्रॅम, टोटल शुगर १०.६ ग्रॅम, ॲडेड शुगर १०.६ ग्रॅम, प्रथिने शून्य, स्निग्ध पदार्थ शून्य. या सगळ्याच्या डोक्यावर आणखी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘प्रति १०० मिलि’.

१०.६ ग्रॅम हा आकडा वाचून कोणी दचकत नाही. तो लहान दिसतो आणि ग्रॅममध्ये साखर मोजायची सवय कोणत्याच स्वयंपाकघराला नसते. शिवाय १०० मिलि कोल्ड्रिंक दुकानात मिळत नाही आणि कोणी पीतही नाही. अर्ध्या कपाएवढे ते प्रमाण आहे. म्हणजे आकडा खरा आहे, पण तो कोणीही न पिणाऱ्या मापासाठी आणि कोणीही न वापरणाऱ्या एककात छापलेला आहे.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनी ॲडेड शुगरची ओळ सक्तीची केली आणि जुलै २०२२ पासून ते नियम लागू झाले. त्याआधी पाकिटावर एकूण साखर कळली तरी त्यातली मूळची किती आणि कारखान्यात घातलेली किती, हे वेगळे कळण्याची खात्री नव्हती. ही मोठीच सुधारणा होती. पण माहिती छापली म्हणजे ती पोहोचली असे होत नाही. बाटली हातात घेतलेल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: या अख्ख्या बाटलीत साखर किती, आणि दिवसाच्या खाण्यात ती किती भर घालते. पहिल्याचे उत्तर चमच्यांत मिळते, दुसऱ्याचे कॅलरींत. ते काढण्याचा गुणाकार-भागाकार आज ग्राहकावर टाकलेला आहे. तो बाटलीवरच छापून यायला हवा. तोपर्यंत तो कसा करायचा हे तरी प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

हिशोब तीन पायऱ्यांचा आहे. बाटली ६०० मिलिची, म्हणजे १०० मिलिचे सहा भाग. १०.६ गुणिले सहा म्हणजे ६३.६ ग्रॅम साखर. सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर बसते, म्हणून ६३.६ ला चारने भागायचे. उत्तर येते १५.९, म्हणजे सोळा चमचे. आणि एक ग्रॅम साखर साधारण चार किलोकॅलरी ऊर्जा देते, म्हणून ६३.६ गुणिले चार म्हणजे २५४ किलोकॅलरी. एका बाटलीत सोळा चमचे साखर आणि अडीचशेवर कॅलरी. यात प्रथिनांचा किंवा तंतूंचा अंशही नाही.

दुकानात उभ्या उभ्या एवढी आकडेमोड नको वाटते, तर तिला एक सोपी वाट आहे. प्रति १०० मिलिला जितके ग्रॅम साखर लिहिली असेल, तितकेच चमचे साखर ४०० मिलि पेयात असते. कारण चारशेत शंभराचे चार भाग आहेत आणि चमचाही चार ग्रॅमचा आहे, त्यामुळे दोन्ही चार एकमेकांना छेदून जातात. लेबलवर १०.६ असेल तर ४०० मिलित १०.६ चमचे. मग २०० मिलिच्या छोट्या बाटलीत त्याच्या निम्मे, साधारण सव्वापाच; ६०० मिलित दीडपट, सोळा; आणि २५० मिलिच्या बाटलीत साडेसहाच्या आसपास. कॅलरी हव्या असतील तर चमच्यांना सोळाने गुणायचे, कारण चार ग्रॅमच्या एका चमच्यात सोळा किलोकॅलरी असतात. चारशे आणि सोळा हे दोन आकडे लक्षात राहिले तर कागद-पेन्सिल लागत नाही.

हे उत्तर अंदाजाचे आहे, आणि अंदाज किती सैल आहे तेही सांगितले पाहिजे. पाच मिलिच्या मापाच्या चमच्यात सपाट भरलेली दाणेदार साखर नेमकी तोलली तर चार ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, ४.२ च्या आसपास भरते. साखरेची ऊर्जाही चारपेक्षा किंचित कमी, ३.८७ किलोकॅलरी आहे. हे आकडे धरले तर सोळाऐवजी पंधरा चमचे आणि २५४ ऐवजी २४६ किलोकॅलरी निघतात. एवढ्या फरकाने कोणाचा निर्णय बदलत नाही.

खरा घोटाळा होतो तो घरातल्या चमच्यामुळे. बहुतेक घरांत साखरेच्या डब्यातला स्टीलचा चमचा सपाट भरला जात नाही. तो शीग लावून भरला जातो आणि तेव्हा त्यात सपाट चमच्याच्या दीडपट ते दुप्पट साखर सहज येते. समजा एखाद्या घरचा भरलेला चमचा सात ग्रॅमचा आहे. त्या घराच्या हिशोबाने वरच्या बाटलीत नऊच चमचे निघतील, आणि सपाट चमच्याने सोळा. साखर दोन्हीकडे तीच, ६३.६ ग्रॅम. म्हणून चमच्यांचा आकडा ऐकताना सपाट की शिगेचा हे विचारले पाहिजे, आणि आपला चमचा एकदा तोलून ठेवला पाहिजे. एक चमचा तोलू नये, कारण स्वयंपाकघरातल्या काट्याला दोन-तीन ग्रॅमचा फरक धड कळत नाही. नेहमीच्या हाताने दहा चमचे साखर वाटीत काढून ती वाटी तोलायची, रिकाम्या वाटीचे वजन वजा करायचे आणि दहाने भागायचे. त्या घराचा चमचा किती ग्रॅमचा, ते मिळाले. पुढे चारच्या जागी तोच आकडा वापरायचा.

चमच्यांचा आग्रह यासाठी की साखरेची घरातली समज हातात असते. लिंबाचे सरबत करणारी व्यक्ती पेल्याला दोन किंवा तीन चमचे साखर घालते, चाखते आणि थांबते. त्याच पेल्यात तिने पाच-सहा चमचे घातलेले पाहिले तर घरातले कोणीही तिला अडवेल. कोलाच्या तेवढ्याच पेल्यात साखर तेवढीच असते, पण ती घालताना कोणी पाहिलेले नसते.

आणि जिभेलाही ती पूर्ण कळत नाही. याची कारणे पेयाच्या रचनेतच आहेत. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते, लिंबाच्या चवीच्या पेयांत सायट्रिक आम्ल. आंबटपणा गोडीला दाबतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जिभेला झोंबतो आणि आंबटपणात भरही घालतो. त्यात पेय बर्फासारखे गार असते, आणि गारठ्यात जिभेची गोड चव ओळखण्याची क्षमता मंदावते. उरलेली अर्धी बाटली झाकण सैल ठेवून ओट्यावर राहिली, गॅस उडाला आणि पेय कोमट झाले की तेच कोल्ड्रिंक दुसऱ्या दिवशी नकोसे गोड लागते. साखर एका दाण्याने वाढलेली नसते, तिला झाकणाऱ्या गोष्टी गेलेल्या असतात. जिभेचा अंदाज इथे चालत नाही, म्हणूनच आकड्याची गरज आहे.

लेबलवर आणखी एक रकाना असतो आणि तो जास्त फसवतो. नियमानुसार प्रत्येक ‘सर्व्हिंग’मधून दिवसाच्या प्रमाणाचा किती टक्के भाग मिळतो ते छापावे लागते. साखरेसाठी शंभर टक्के म्हणजे ५० ग्रॅम धरलेले आहेत. आता ६०० मिलिच्या बाटलीवर सर्व्हिंग २०० मिलिचे धरले, तर एका सर्व्हिंगमध्ये २१.२ ग्रॅम साखर, म्हणून रकान्यात ४२ टक्के दिसतात. बाटलीत तीन सर्व्हिंग आहेत असेही जवळच लिहिलेले असते. पण एसटी स्टँडवर किंवा कॉलेजच्या कँटीनमध्ये घेतलेली बाटली तिघांत वाटून पिण्याचा प्रकार क्वचितच घडतो. ती एकट्याने संपवणाऱ्याच्या पोटात १२७ टक्के गेलेले असतात, आणि डोळ्यांपुढे मात्र ४२ असतात.

या टक्क्यांच्या पोटात दुसरीही अडचण आहे. प्रथिनांचे किंवा कॅल्शियमचे शंभर टक्के म्हणजे दिवसभरात तिथपर्यंत पोहोचायला हवे. साखरेचे ५० ग्रॅम म्हणजे त्यापलीकडे जाऊ नये. शरीराला वरून घातलेल्या साखरेची मुळीच गरज नसते. हा आकडा येतो २,००० किलोकॅलरींच्या आहारातून: त्याचा दहावा भाग २०० किलोकॅलरी, आणि त्याला चारने भागले की ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवावी असे ठामपणे सांगितले, आणि पाच टक्क्यांखाली आणल्यास अधिक फायदा होईल असे सुचवले. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा सपाट चमचे. कोलाची २५० मिलिची लहान बाटलीच २६.५ ग्रॅम साखर घेऊन येते. दिवसाचा चहा, बिस्किटे आणि सॉस मोजायचेच राहतात.

मुलांसाठी हे गणित आणखी आवळते, कारण लेबल सगळ्यांना २,००० किलोकॅलरींचा माणूस समजते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज साधारण १,७०० किलोकॅलरी धरली जाते. त्याचे दहा टक्के म्हणजे साडेबेचाळीस ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे एकवीस ग्रॅम, सव्वापाच चमचे. वाढदिवसाला त्याच्या हातात दिलेल्या २०० मिलिच्या एका पेल्यात बरोबर तेवढेच चमचे असतात. केक अजून कापायचा असतो.

लेबल वाचताना टोटल शुगर आणि ॲडेड शुगर या दोन ओळींतला फरकही धरून ठेवावा लागतो. कोलात दोन्ही आकडे सारखे असतात, कारण त्यात वरून घातलेल्या साखरेशिवाय दुसरी साखर नसते. दुधात एकूण साखर शंभर मिलिला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दिसते, पण ती दुधातलीच दुग्धशर्करा आहे आणि वरून घातलेली शून्य. सुगंधी दुधाच्या बाटलीवर दोन्ही ओळी वेगवेगळ्या आकड्यांच्या असतात, आणि चमच्यांचा हिशोब तिथे दुसऱ्या ओळीवर करायचा. उलट बाजूने, निव्वळ फळांच्या रसाच्या डब्यावर ॲडेड शुगर शून्य असू शकते. त्या शून्याने निश्चिंत होऊ नये. फळ पिळून रस काढला की त्यातली साखर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मुक्त साखरच ठरते, आणि संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात ती शंभर मिलिला दहा ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे कोलाच्या आसपास असते. रसासाठी म्हणून टोटल शुगरची ओळ वाचावी. रसवंतीतल्या उसाच्या रसाला तर लेबलच नाही. उसाच्या रसात साधारण बारा ते पंधरा टक्के साखर असते. चारशेच्या नियमाने पाहिले तर २०० मिलिच्या पेल्यात सहा ते साडेसात चमचे होतात.

मग चमचे पुरेत की, कॅलरी कशाला? कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. टोन्ड दुधाचा २५० मिलिचा पेला साधारण १४५ किलोकॅलरींचा आणि तेवढाच कोला १०६ किलोकॅलरींचा. नुसत्या कॅलरी पाहणाऱ्याला कोला हलका वाटेल. पण दुधाच्या कॅलरींसोबत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने आणि कॅल्शियम येते, वरून घातलेली साखर शून्य चमचे. कोलाच्या कॅलरी म्हणजे साडेसहा चमचे साखर आणि दुसरे काही नाही. पेय कशाचे बनले आहे ते चमच्यांतून कळते. कॅलरींतून कळते ते साठत जाण्याचे गणित. रोज एक २५० मिलिची बाटली पिणारा तरुण महिन्याला ७९५ ग्रॅम साखर पितो, म्हणजे वर्षाला साडेनऊ किलोंहून जास्त. तेवढी साखर घरच्या किराणा यादीत वाढली असती तर महिन्याच्या बिलात दिसली असती. बाटल्यांतून येते तेव्हा ती कुठल्याच यादीत येत नाही. आणि द्रवातल्या कॅलरींनी भूक फारशी भागत नाही. दोन पोळ्यांएवढी ऊर्जा पेयातून गेली तरी जेवणातल्या दोन पोळ्या तेवढ्या प्रमाणात कमी होत नाहीत.

कॅलरींचा आकडा पडताळ्यालाही उपयोगी पडतो. साखरेच्या ग्रॅमना चारने गुणून आलेला आकडा आणि लेबलवरची ऊर्जा जुळली, तर पेयातली सगळी ऊर्जा साखरेची आहे. ऊर्जा बरीच जास्त निघाली, तर दूध, स्निग्ध पदार्थ किंवा दुसरी कर्बोदके आहेत. आणि पेय कोलाइतकेच गोड लागते पण साखर चार-पाच ग्रॅमच दिसते, तर घटकांच्या यादीत सुक्रालोज, ॲसेसल्फेम किंवा ॲस्पार्टेम शोधावे. अशा गोडवा देणाऱ्या पदार्थांचा उल्लेख लेबलवर करावाच लागतो. चमचे कमी झाले म्हणून ते पेय रोजचे करावे असे मात्र नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांचा वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे.

ग्रॅमचा आकडा कायद्याने गंभीरपणे घेतला तर काय घडते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे एप्रिल २०१८ पासून साखरी पेयांवर कर बसला, आणि तो बसला शंभर मिलितल्या ग्रॅमवर. सुरुवातीला पाच ग्रॅमपासून पुढे लिटरला १८ पेन्स, आठ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स असा तो होता. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर पाचच्या खाली आणली. स्कॉटलंडचे लाडके आयर्न-ब्रू शंभर मिलिला १०.३ ग्रॅमवरून ४.७ ग्रॅमवर आले. ३३० मिलिच्या कॅनच्या भाषेत साडेआठ चमच्यांवरून चारच्या खाली. पिणाऱ्या कोणालाही हिशोब करावा लागला नाही, पेयच बदलले. काही ग्राहक चिडले, कारण साखरेची जागा गोडवा देणाऱ्या पदार्थांनी घेतली होती. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण सीमारेषा आकड्यावर आखली की कारखाना हलतो, हे तिथे दिसून आले.

भारतात वायुयुक्त पेयांवर कर कमी नाही. सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर ४० टक्के जीएसटी आहे. पण तो साखरेच्या ग्रॅमकडे पाहत नाही. दहा ग्रॅमचे पेय आणि साखर नसलेले डाएट पेय यांना दर एकच. त्यामुळे करापोटी साखर कमी करण्याचे कारण इथल्या कारखान्याला मिळत नाही, आणि सगळा भार पुन्हा लेबल वाचणाऱ्यावर येतो. जुलै २०२४ मध्ये एफएसएसएआयने साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांची माहिती ठळक व मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अक्षर मोठे होणे चांगलेच. पण सर्व्हिंगचे ४२ टक्के मोठ्या अक्षरांत छापले तरी ते बाटलीचे १२७ होत नाहीत.

चमच्यांवर आक्षेप येतो की ते शास्त्रीय माप नाही, घरोघरी वेगळे असते. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे: चार ग्रॅमचा सपाट चमचा असे कायद्यानेच ठरवावे आणि ग्रॅमचा आकडा शेजारी ठेवावा. औषधाच्या बाटलीसोबतचे पाच मिलिचे टोपण असेच ठरवून दिलेले असते. दुसरा आक्षेप असा की सोळा चमचे वाचून लोक घाबरतील. पण सोळा हा आकडा कोणी फुगवलेला नाही, तो त्याच १०.६ मधून निघतो. एखाद्याने तो वाचून लग्नाच्या पंगतीत आनंदाने एक पेला प्यायला तर त्याला कोणाची हरकत असायचे कारण नाही. हरकत आहे ती न कळता रोज पिण्याला.

शाळांत याची सुरुवात झालेली आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ज्यावर नेहमीच्या खाण्यापिण्यातल्या साखरेचे प्रमाण मुलांना दिसावे. फलकावर फक्त तयार आकडे लावण्यापेक्षा पाचवी-सहावीच्या मुलांना रिकाम्या बाटल्या आणायला सांगून त्यांच्याकडूनच चारशेचा नियम करवून घेता येईल. गुणाकार, भागाकार आणि दशांश अपूर्णांक एवढेच त्याला लागतात, आणि ते अभ्यासक्रमात आहेतच.

बाकीचे काम लेबलचे आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूला, नावाखाली, एकच ओळ पुरेशी आहे: ‘या संपूर्ण ६०० मिलि बाटलीत ६४ ग्रॅम साखर, १६ सपाट चमचे, २५४ किलोकॅलरी.’ त्यासाठी नवी तपासणी लागत नाही, नवी प्रयोगशाळा लागत नाही. तिन्ही आकडे कंपनीकडे आधीपासून आहेत.